पेठेतल्या महिन्यांचा हिशेब

नवी पेठेत मी अभ्यासिका चालवतो. कॅबिन, लॉकर, वाय-फाय, पिण्याचं पाणी आणि शांतता एवढंच आमच्याकडे मिळतं. जागा विचारायला येणारी मुलं-मुली बहुतेक मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली असतात. सोबत वडील किंवा मोठा भाऊ असतो. जागा बघून झाली, दर विचारून झाला, की वडील थोडं घुटमळतात आणि मग खरा प्रश्न विचारतात. वर्षाला एकूण किती लागतील? क्लासवाले क्लासचं सांगतात, खोलीवाला खोलीचं, मेसवाला मेसचं. सगळं एकत्र करून कोणी सांगत नाही. म्हणून मी कोरा कागद घेतो आणि त्यांच्याबरोबर बसतो. या कामाचा एक पैसाही मी घेत नाही, पण अभ्यासिकेतलं हेच काम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पैसे संपले म्हणून परीक्षेच्या तोंडावर बॅग भरणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांतली बरीचशी अभ्यासात कच्ची नव्हती.

असाच एक कागद इथे उलगडून दाखवतो. २०२३च्या मे महिन्यात जिंतूर तालुक्यातली एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. बी.एस्सी. झालेली, गणित विषय घेऊन. राज्यसेवेची तयारी करायची होती. घरची कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि कापूस. वडिलांच्या हातात ९० हजार रुपये होते आणि सोयाबीन विकल्यावर आणखी ७० हजार देण्याची त्यांची तयारी होती. ते म्हणाले, "सर, एवढंच सांगा, उरलेले सोयाबीन निघाल्यावर दिले तर चालतंय का?"

आधी आम्ही महिन्याचा खर्च मांडला. तीन जणींच्या खोलीत एका कॉटचं भाडं ३,५००, लाइट-पाण्याचे ३००. दोन वेळच्या मेसचे ३,०००. चहा-नाश्त्याला १,२००, हा आकडा सगळेच आधी ५०० लिहितात आणि दुसऱ्या महिन्यात खोडतात, कारण सकाळचे पोहे आणि अभ्यासातून उठून घेतलेले दोन-तीन चहा टळत नाहीत. अभ्यासिका १,०००. मोबाइल ३००. झेरॉक्स, वर्तमानपत्र, वह्या-पेन ५००. साबण, तेल, औषधगोळी ५००. बेरीज १०,३००. बारा महिन्यांचे १,२३,६००.

मग एकदाच लागणारे पैसे. खोलीचं डिपॉझिट दोन महिन्यांचं, म्हणजे ७,०००. गादी, बादली, टेबल लॅम्प असं सामान २,५००. राज्यसेवेच्या पूर्ण बॅचची फी त्यांना ५५ हजार सांगितली होती. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, तो धरला की ६४,९००. फी विचारताना "टॅक्ससकट का?" हे विचारायचं राहून जातं आणि जवळजवळ दहा हजारांचा फरक पावती फाडताना कळतो. पुस्तकं ९,०००, टेस्ट सिरीज ४,०००, गावी जाण्या-येण्याचे ४,०००, अर्जांची फी हजार. सगळं मिळून २ लाख १६ हजार. घरात होते १ लाख ६० हजार, त्यांतले ७० अजून शेतात.

अशा वेळी बहुतेक घरं दोनच वाटा बघतात. कर्ज काढायचं किंवा येणंच रद्द करायचं. मी कागद उलटा धरतो. यातल्या कोणत्या गोष्टीसाठी पुण्यातच असावं लागतं आणि कोणती गोष्ट जिंतूरला बसून होते?

पहिले दोन महिने नवखा विद्यार्थी काय करतो ते मी रोज पाहतो. सहावी ते बारावीची राज्य मंडळाची इतिहास, भूगोल, विज्ञान, नागरिकशास्त्राची पुस्तकं वाचतो. ते बरोबरच आहे, पाया तिथूनच घालावा लागतो. पण ही पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. आयोगाच्या मागच्या प्रश्नपत्रिका आणि अभ्यासक्रम आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत. राज्याची आर्थिक पाहणीही पीडीएफमध्ये मिळते. म्हणजे १०,३०० रुपये महिना मोजून माणूस जे वाचत बसतो ते घरच्या ओसरीवर वाचता येतं. मी त्यांना सांगितलं, जूनमध्ये येऊ नका, ऑगस्टमध्ये या. जून-जुलैत ही पुस्तकं एकदा पूर्ण वाचून, मागच्या तीन वर्षांच्या पूर्वपरीक्षेच्या प्रश्नांवर खुणा करून या. २०,६०० रुपये तिथेच वाचले.

वडिलांना हे पटायला वेळ लागला. गावात त्यांनी सांगून टाकलं होतं की पोरगी पुण्याला चालली. शिवाय घरी राहिली की पाहुणे-रावळे, स्वयंपाक, लग्नकार्यं यांत अभ्यास होत नाही, ही भीती खरीच होती. मुलींच्या बाबतीत तर ती फारच खरी आहे. म्हणून मी आईशी फोनवर बोललो. सकाळी सहा ते अकरा तिला कोणी हाक मारायची नाही, एवढंच ठरवलं. तेवढं त्यांनी पाळलं.

दुसरा निर्णय क्लासचा. पूर्ण बॅच म्हणजे सगळे विषय, आणि सगळे विषय सगळ्यांना शिकावे लागत नाहीत. पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, सीसॅट, आता ३३ टक्क्यांपुरता पात्रतेचा आहे. कला शाखेच्या मुलाला त्याचा धसका असतो, तिथे शिकवणी लावणं मला रास्त वाटतं. गणित घेऊन पदवीधर झालेल्या मुलीनं त्यासाठी पैसे भरायची गरज नव्हती. मागच्या वर्षाचा सीसॅट मी तिला तिथेच बसून दोन तासांत सोडवायला लावला, आणि पात्रतेच्या कितीतरी वर गुण पडले. तिला खरी अडचण होती अर्थशास्त्र आणि राज्यव्यवस्थेची. हे दोन विषय सुटे लावले. प्रत्येकी ९ हजार, टॅक्ससकट २१,२४०. पूर्ण बॅचपेक्षा ४३,६६० कमी.

क्लासबद्दल एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. एकरकमी फी भरली तर सवलत मिळते आणि ती मोहात पाडते. पण पावतीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की एकदा भरलेली फी परत मिळणार नाही. शिकवणारे मधेच बदलतात, बॅच लांबते, विद्यार्थी आजारी पडतो, घरी काही होतं. हप्त्यानं भरलेल्या पैशाला निदान थांबवता येतं. दोन-चार हजारांच्या सवलतीसाठी सगळी रक्कम दुसऱ्याच्या हातात देणं ज्याच्याकडे मोजकेच पैसे आहेत त्याला परवडत नाही. आधी तीन-चार दिवस डेमो लेक्चरला बसायचं, चालू बॅचमधल्या मुलांना फळ्यावर किती लिहून देतात आणि किती समजावतात ते विचारायचं, आणि मग पहिला हप्ता.

पुस्तकांसाठी तिला अप्पा बळवंत चौकात पाठवलं, पण यादी करून. यादी नसेल तर तिथे माणूस दर दुकानात एक पुस्तक उचलतो. राज्यव्यवस्थेला लक्ष्मीकांत किंवा कोळंबे यांपैकी एकच, आधुनिक भारताच्या इतिहासाला ग्रोवर-बेल्हेकर, महाराष्ट्राच्या भूगोलाला सवदी, अशी प्रत्येक विषयाला एकाची शिस्त. इतिहास-भूगोलाची पुस्तकं जुनी घेतली तरी चालतात. चालू घडामोडी आणि अर्थसंकल्पाचे आकडे जुने घेऊन उपयोग नाही. पद मिळालेली किंवा नाद सोडलेली मुलं अभ्यासिकेतच पुस्तकं विकून जातात, ती निम्म्या किमतीत मिळतात. ९ हजारांचं काम ५ हजारांत झालं.

आता खर्च १ लाख ४८ हजारांच्या आत आला. साधारण १२ हजार शिल्लक राहत होते. वडिलांनी विचारलं, यातून लॅपटॉप घेता येईल का. मी म्हणालो, हे पैसे आहेत असं विसरून जा. कागदाच्या तळाशी मी एक ओळ लिहिली, "तारीख पुढे गेली तर".

ती ओळ मी प्रत्येकाच्या कागदावर लिहितो, कारण इथल्या मुलांचे पैसे त्याच ओळीत जातात. २०२०ची राज्यसेवा पूर्व ५ एप्रिलला व्हायची होती. कोरोनामुळे ती पुढे जात जात २१ मार्च २०२१ला झाली. तेव्हा आमच्या पेठेतल्या मुलांनी बंद खोल्यांची भाडी भरली होती. परीक्षेचं वर्ष बारा महिन्यांचं धरून केलेला हिशेब म्हणून पुरत नाही.

ऑगस्टमध्ये मुलगी आली. मेसचा एक नियम तिला आधीच सांगून ठेवला होता. खाडा एक-दोन दिवसांचा धरत नाहीत, सलग तीन-चार दिवस असेल आणि आदल्या दिवशी सांगितलं असेल तरच पैसे वजा होतात. प्रत्येक मेसचा नियम वेगळा, म्हणून महिना सुरू होण्याआधी विचारायचा. गावी जायचं तर असे दिवस जोडून जायचं. अभ्यासिकेचंही तसंच. जाहिरात आली की आमच्याकडे जागा मिळत नाही, परीक्षा झाली की निम्म्या खुर्च्या मोकळ्या होतात. मोकळ्या काळात दर कमी करून मागायला हरकत नसते, मी स्वतः कमी करतो.

त्याच ऑगस्टमध्ये मराठवाड्यात पावसानं पूर्ण दडी मारली. शेंगा भरायच्या वेळेला पाणी नाही. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,६०० होता, पण भाव असून काय, पोती कमी भरली. नोव्हेंबरमध्ये ७० हजारांऐवजी ४० हजारच आले. तिच्या हातात तेव्हा २३ हजारांच्या आसपास उरले होते. हप्त्यानं फी भरल्याचा आणि दोन महिने उशिरा आल्याचा उपयोग इथे झाला. पूर्ण बॅचची फी एकदम भरली असती तर नोव्हेंबरआधीच हात रिकामा झाला असता. उरलेले ३० हजार कापूस विकून फेब्रुवारीत आले. शेतकऱ्याच्या घरातून पैसे दर महिन्याला येत नाहीत, हंगामाला येतात. म्हणून पुण्यातला खर्चही मी त्या हंगामावर मांडतो. पहिल्या पैशात डिपॉझिट, पहिला हप्ता आणि तीन महिने निघालेच पाहिजेत, आणि पिकाचा अंदाज नेहमी कमी धरायचा.

टेस्ट सिरीज तिनं जानेवारीत घेतली, जाहिरात येऊन २८ एप्रिल २०२४ ही तारीख कळल्यावर. ऑगस्टमध्ये घेतलेल्या सिरीजचे पेपर अर्धे तसेच पडून राहतात, कारण अभ्यासच झालेला नसतो. सामान्य अध्ययनाच्या पेपरमध्ये १०० प्रश्न, दोन तास, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा वजा. पेपर सोडवायला दोन तास लागले तर तो तपासून, चुकलेला प्रत्येक प्रश्न पुस्तकात शोधून, का चुकला ते लिहायला त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो. जो हे करतो त्याला एक सिरीज पुरते. दोन-तीन सिरीज घेतलेल्या मुलांच्या लॉकरमध्ये मला न उघडलेले गठ्ठे दिसतात. त्यात पैसेही गेले आणि सरावही झाला नाही. पैसे भरण्याआधी तिनं एकच प्रश्न विचारला होता. परीक्षा पुढे गेली तर राहिलेले पेपर याच पैशात मिळणार का? हो म्हटल्यावर ते पावतीवर लिहून घेतलं.

मार्चमध्ये परीक्षा पुढे गेली. नवा आरक्षण कायदा झाला होता, पदांची विभागणी नव्यानं करावी लागणार होती. नवी तारीख नव्हती. आमच्या अभ्यासिकेत त्या दिवशी कोणी अभ्यास केला नाही. सगळे बाहेर चहाच्या टपरीवर उभे होते. मुलीच्या खात्यात ३४ हजारांच्या आसपास होते. मी तिला म्हणालो, तारीख नाही तोवर इथे राहायचं नाही.

हे सांगणं सोपं, करणं अवघड. मुलांना वाटतं की गावी गेलो म्हणजे हरलो. गावातले विचारतात, "काय झालं, आली का परत?" त्यापेक्षा महिन्याचे दहा हजार बरे वाटतात. शिवाय खोली सोडायची तर महिनाभर आधी सांगावं लागतं, नाहीतर डिपॉझिटमधून एक भाडं जातं. त्यावर पेठेत चालणारा उपाय म्हणजे आपल्या कॉटवर दुसरी मुलगी आणून द्यायची. तिनं तसंच केलं. बँकेच्या परीक्षेला बसणारी एक मुलगी तिच्या जागी आली, डिपॉझिट हातोहात मिळालं, मालकिणीचंही नुकसान झालं नाही. एप्रिल आणि मे तिनं घरी काढले. सिरीजचे पेपर डाउनलोड करून घड्याळ लावून सोडवत होती, उत्तरांचे फोटो मैत्रिणीला पाठवत होती.

जूनमध्ये ती परत आली. परीक्षा पुढे २५ ऑगस्टला ठरली. तीन महिने, ३१ हजार, पैसे जेमतेम पुरणार होते. २२ ऑगस्टला, अवघे तीन दिवस उरले असताना, ती तारीखही गेली. २५ तारखेलाच बँकेची आयबीपीएसची परीक्षा होती, दोन्ही परीक्षांना बसलेली मुलं रस्त्यावर उतरली होती. त्यांची मागणी चूक होती असं मी म्हणणार नाही. पण त्या मागणीसाठी रात्रभर बसलेल्या मुलांमध्येही अशी मुलं होती की ज्यांच्याकडे सप्टेंबरच्या मेसचे पैसे नव्हते. अखेर १ डिसेंबर २०२४ला परीक्षा झाली. मूळ तारखेपासून सात महिने. तिच्या १०,३०० रुपयांच्या हिशेबानं हे सात महिने पुण्यातच काढले असते तर ७२ हजार रुपये.

ऑगस्टअखेर ती पुन्हा घरी गेली. या वेळी तिला परत यावं लागलं नाही, कारण अर्ज भरताना तिनं केंद्र परभणी निवडलं होतं. पूर्वपरीक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी होते, तरी पुण्यात राहणारी मुलं सवयीनं पुणे केंद्र टाकतात, आणि तारीख पुढे गेली की एका दिवसासाठी त्यांना खोली शोधावी लागते किंवा महिनाभर थांबावं लागतं. हा निर्णय फुकटचा आहे, फक्त अर्जाच्या वेळी सुचला पाहिजे.

पुण्यातल्या गर्दीचा उपयोग नाही असं मला म्हणायचं नाही. मी स्वतः हिंगोलीहून याच पेठेत तयारीला आलो होतो. शेजारचा रात्री अकराला पुस्तक मिटत नाही म्हणून आपणही मिटत नाही, हे घरी घडत नाही. शंका विचारायला कोणीतरी सापडतं, कोणता विषय कितपत करायचा याचा अंदाज येतो. पण हा उपयोग सगळ्या महिन्यांत सारखा नसतो. विषय पहिल्यांदा समजून घेण्याचे चार-पाच महिने आणि तारीख नक्की झाल्यावरचे शेवटचे तीन, एवढे इथे काढावेत. मधले आणि आधीचे घरून होतात. मुलगा बार्टी, सारथी, महाज्योती किंवा आदिवासी विकासच्या टीआरटीआयच्या प्रशिक्षणाला पात्र असेल तर तिकडे अर्ज आधी करायचा आणि क्लासला नंतर भेटायचं. मात्र विद्यावेतन जमा होईपर्यंतचे तीन महिने घरच्या पैशानं निघतील असं धरूनच.

अलीकडे त्या मुलीच्या धाकट्या भावासाठी वडील पुन्हा आले होते. जुना कागद घडी घालून सोबत आणला होता, त्यावरच आकडे बदलू म्हणाले. भाड्याचा आणि मेसचा आकडा वाढवला. पण एक ओळ नव्यानं लिहावी लागली. २०२५पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, नऊ पेपर, १,७५० गुण. पूर्वी बहुपर्यायी प्रश्नांचे पेपर स्वतःच तपासता यायचे, उत्तरतालिका पुढे ठेवली की झालं. लिहिलेलं उत्तर कोणीतरी जाणकारानं वाचून शेरे द्यावे लागतात आणि त्याचे पैसे वेगळे असतात. सिरीज घेताना पेपर किती हे सगळे सांगतात. किती उत्तरपत्रिका तपासून मिळणार, किती दिवसांत मिळणार आणि तपासणार कोण, हे विचारावं लागतं. एक तपासलेली नमुना उत्तरपत्रिका बघायला मागायची. समासात नुसते गुण टाकून "चांगला प्रयत्न" लिहिलेलं असेल तर त्या सिरीजमध्ये पैसे घालायचे नाहीत. मुद्दा कुठे सुटला आणि उत्तर कुठे लांबलं हे लिहिलेलं असेल तर घ्यायची. त्या ओळीसमोर आम्ही तूर्त १२ हजार धरले आहेत, पूर्वपरीक्षेचा निकाल लागल्यानंतरच खर्च करायचे म्हणून. आणि भावालाही जूनमध्ये आणायचं नाही, हे वडिलांनी मी सांगण्याआधीच सांगितलं.